सोळा शब्दांची जाहिरात

छोट्यामावशींना छोट्या म्हणावं असं त्यांच्यात काहीही नव्हतं. उंची दारात वाकून यावं लागेल एवढी, आवाज तिसऱ्या मजल्यावरून खाली रिक्षा थांबवणारा. पण तीस वर्षं त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसल्या, म्हणून आधी त्या 'छोट्या जाहिरातवाल्या मावशी' झाल्या, आणि पुढे इमारतीतल्या लोकांना एवढं लांबलचक म्हणायचा कंटाळा आला. नाव आखडलं तरी त्यांना राग नव्हता. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे शब्द आखडायचंच काम केलं होतं.

शनिवारी दुपारी समोरच्या घरातली चिमी टॅब छातीशी धरून आली. वय वर्षं अकरा, वाचनाचं वेड, आणि तोंडाला कुलूप नाही. आज मात्र दाराशीच घुटमळली.

"आत ये की, का तुझी आरती ओवाळू?"

"मावशी, तुम्हाला जाहिरातीतलं कळतं ना? हे वाचून दाखवाल? पण आईला सांगायचं नाही."

"हे बघ, आईला न सांगायच्या गोष्टी असतील तर मी आधी ऐकते, मग ठरवते."

चिमीने टॅब पुढे केला. जुन्या वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो होता. ग्रंथालयातल्या जाड बांधीव खंडातून मोबाइलवर काढलेला. पान मध्ये वाकलेलं, ओळींची उजवी टोकं शिवणीच्या सावलीत गेलेली, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. वर ठळक अक्षरांत 'वर पाहिजे', आणि खाली मुंग्यांच्या रांगा लागाव्यात तशा जाहिराती. त्यातल्या एकीभोवती चिमीच्या आईने बोटाने लाल गोल काढला होता.

छोट्यामावशींनी चष्मा चढवला आणि एकदम सरसावून बसल्या. पान त्यांच्याच पेपरचं होतं. तारीख सदतीस वर्षांपूर्वीची, रविवार.

"ही माझ्या आजीची जाहिरात आहे," चिमी म्हणाली. "आजी गेली ना मागच्या वर्षी, तिच्या डायरीत तारीख होती. आई जाऊन फोटो काढून आली. आणि तो बघून रडली. खूप रडली."

"आणि तू चोरून ऐकलंस."

"चोरून नाही. मी टेबलाखाली पुस्तक वाचत होते, तिला दिसले नाही." चिमी जवळ सरकली. "आई बाबांना फोनवर म्हणत होती, यात मी नाहीच. म्हणे तिची मावशी, आजीची बहीण, तिला लहानपणीच म्हणाली होती, तुला जाहिरातीत लपवलं होतं, बिचाऱ्याला नंतर कळलं. म्हणजे आजोबांना. ते आईचे सख्खे बाबा नाहीत ना. आता आजोबा एकटे आहेत, तर आई त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार आहे. सोमवारी फॉर्म द्यायचा. ती म्हणते, ज्या माणसाच्या गळ्यात मला फसवून बांधलं, त्याने जन्मभर निभावलं तेवढं पुरे झालं, आता माझ्या घरी येऊन पुन्हा त्याने का निभवायचं?"

एवढं सगळं एका दमात बोलून ती थांबली. मग बोट त्या लाल गोलावर ठेवलं. "पण यातले अर्धे शब्द अर्धेच आहेत. आईला सगळे थोडेच कळले असतील? मावशी, यात आई कुठे आहे ते शोधून द्या."

कामाच्या वेळी हळवं व्हायचं नाही ही छोट्यामावशींची जुनी खोड. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला आणि तुकड्या-तुकड्याने मोठ्याने वाचला. 'विधवा, २७, ५'२", सुस्व., शां.स्व., गृ.कृ.द., बी.ए., स.नो.; वर ४०प., निर्व्य., स्थि.नो./व्यव.; सवि.लि. बॉ. ४१७.'

"आता तू सांग. बघू तुझं डोकं."

चिमी खुलली. "विधवा म्हणजे आजी. सत्तावीस वय. पाच-दोन उंची. शां.स्व. म्हणजे... शांता स्वयंपाकीण?"

"शाबास! आणि गृ.कृ.द.?"

"गृहपाठ कृपया देऊ नये."

छोट्यामावशी अशा हसल्या की चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. "अगं बये! शांत स्वभाव. सुस्व. म्हणजे सुस्वरूप, दिसायला देखणी. आणि गृ.कृ.द. म्हणजे गृहकृत्यदक्ष, घरकामात हुशार. स.नो. सरकारी नोकरी. इथे अर्धविराम आहे बघ, तिथे मुलीची माहिती संपली. पुढे मुलाकडून काय हवं ते. चाळीसपर्यंतचा, निर्व्यसनी, स्थिर नोकरी किंवा व्यवसाय. सवि.लि. म्हणजे सविस्तर लिहा."

"आणि बॉ.?"

"बॉक्स. बाईमाणसाने पेपरात पत्ता छापला तर दारात रांग लागेल. म्हणून पत्रं आमच्या कचेरीत यायची, पाकिटावर बॉक्स ४१७ लिहून. आमच्याकडे कबुतरांच्या खुराड्यासारखी कप्प्यांची भिंत होती. पावती दाखवायची नि आपल्या कप्प्यातली पत्रं घेऊन जायची. कोण कुणाचं, ते फक्त आमच्या वहीला ठाऊक."

"पण असे अर्धे शब्द का?"

"पैसे शब्दावर. पंधरा शब्दांपर्यंत एक दर, पुढच्या प्रत्येक शब्दाला वेगळे. मध्ये जागा न सोडता टिंबांनी जोडलं की कितीही तुकडे असले तरी एक शब्द. शांत स्वभाव सुटा लिहिलास तर दोन, शां.स्व. केलंस तर एक. आकडा एक शब्द. तिरपी रेघ दिलीस तर दोन्हीकडचे वेगळे मोजायचे. मोज."

चिमीने बोटांवर मोजले. "सोळा."

"सोळा. आमचा संपादक आला असता तरी त्यानेही सोळाच मोजले असते."

"विधवा का नाही आखडलं मग? वि. का नाही?"

"कारण वि. म्हणजे विवाहित पण आणि विद्यार्थी पण. लग्नाच्या पानावर घोळ नको. काही शब्द पूर्णच छापायचे असा..." छोट्यामावशी बोलता बोलता थांबल्या.

त्या पुन्हा गृ.कृ.द.कडे बघत होत्या. दुसरे सगळे कारकून 'गृहकृत्यदक्ष' पूर्ण लिहायचे. लांब असला तरी एकच शब्द, मग आखडायचा कशाला? पण तो एकटा शब्द अख्खी अर्धी ओळ खायचा, मजकूर चौथ्या ओळीत जायचा, आणि छपाईचे खिळे जुळवणारा फोरमन बोंब मारायचा. म्हणून तीन टिंबांची ही युक्ती त्यांनी स्वतः काढली होती. सबंध कचेरीत ती वापरणारी एकच खिडकी होती. त्यांची.

म्हणजे ही बाई त्यांच्यासमोर बसली होती. मजकूर त्यांनी लिहून दिला होता.

छोट्यामावशींनी आठवून पाहिलं. काही म्हणता काही आठवेना. दिवसाला साठ-सत्तर माणसं यायची. सत्तावीस वर्षांची देखणी विधवा, कदाचित कडेला मूल. चेहरा येईना. पण आपण अशा बायकांना काय सांगायचो, ते मात्र शब्द न् शब्द आठवलं. 'मूल पहिल्या जाहिरातीत घालू नका. पत्रं येऊ देत. समोरासमोर भेटलात की मग सांगा.' शंभर जणींना सांगितलं असेल. वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, कारण मूल गाळलं की पत्रं खरंच दुप्पट यायची. त्या मुलाचं पुढे काय होतं, हे कधी मनातही आलं नव्हतं.

"मावशी, यात आई नाहीये ना?" चिमीने हळूच विचारलं. तिला ते कळलंच होतं.

खोटं बोलता आलं असतं. स.नो.मधून काहीही काढून दाखवता आलं असतं, पोरीला काय कळणार. छोट्यामावशींना तसा मोह झालाही, नाही असं नाही.

"नाही गं राणी," त्या म्हणाल्या. "या सोळा शब्दांत नाही."

चिमीचे डोळे भरून आले. तिने टॅब ओढून घेतला, आणि ओढताना फोटो सरकून जाहिरातीच्या शेवटावर आला. सावलीत गेलेल्या टोकाला, बॉक्सच्या आकड्यानंतर, माशीच्या पायाएवढी काहीतरी अक्षरं होती.

"थांब! थांब, थांब. तो उजेड वाढव बघू. वाढवता येतो ना?"

चिमीने नाक पुसत फोटो उजळ केला. सावलीतून 'र.३/१' वर आलं.

"हे कुणी वाचत नाही," छोट्यामावशी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला होता. "हे वाचकांसाठी नसतंच. आमच्यासाठी असतं. र. म्हणजे रविवार. तीन म्हणजे तीनदा छापायची. एक म्हणजे ही पहिली. शेवटची छापली की खिळे मोडून टाकायचे, तोवर तसेच उभे ठेवायचे, हे फोरमनला कळावं म्हणून. चिमे, ही जाहिरात पुढचे दोन रविवारही आली असणार."

"पण तीच ना?"

"बहुतेक तीच. पण मजकूर बदलता यायचा. गुरुवारी पाचच्या आत खिडकीवर यायचं, बदलाची चिठ्ठी भरायची. शब्द तेवढेच राहिले तर जास्तीचं काही द्यावं लागत नसे." त्या उठल्या आणि चपला शोधायला लागल्या. "शंभरातली एखादी यायची. नव्वद टक्के तीच असेल. आधीच सांगून ठेवते, मग माझ्या नावाने रडायचं नाही."

ग्रंथालयाचं वर्तमानपत्रांचं दालन मागच्या बाजूला होतं. लोखंडी मांडण्या, उंच शिडी, आणि खंडांना बांधलेल्या सुती फिती. सही करायच्या वहीत आधीच्याच आठवड्यात चिमीच्या आईचं नाव होतं. ग्रंथपाल हातातला चहाचा कप खाली ठेवून उठायला तयार नव्हता. छोट्यामावशींनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने ठेवला. खंड टेबलावर आला तेव्हा दोघींना एकामागून एक शिंका आल्या.

पहिला रविवार. तीच जाहिरात. आता प्रत्यक्ष कागदावर, पिवळी पडलेली. छोट्यामावशींनी सोमवार, मंगळवार अशी पानं उलटायला सुरुवात केली. जुना कागद कडेने तुटतो, म्हणून तळवा खाली घालून एकेक पान. मध्येच त्या पानाचा कोपरा उचलून पुढे डोकावल्या. त्या स्वतःवरच चिडल्या. सदुसष्ट वर्षांची बाई, आणि निकालाच्या दिवशी पोरं करतात तसं करतेय!

दुसरा रविवार. पान सात. वर पाहिजे.

बॉ. ४१७ चिमीला आधी सापडलं. तिने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच तिने खंड पुढे सरकवला. छोट्यामावशींनी वाचलं.

'विधवा, २७, ५'२", बी.ए., स.नो., मुलगी ४ सोबतच; वर ४०प., निर्व्य., स्थि.नो./व्यव.; सवि.लि. बॉ. ४१७. र.३/२'

पलीकडे ग्रंथपालाने कप उचलून घेतला.

"सापडली," चिमी म्हणाली. "आई सापडली. मावशी, चार म्हणजे वय ना? आई चार वर्षांची होती!"

"मोज," छोट्यामावशी म्हणाल्या.

"सोळाच आहेत."

"आणि गेलेत कुठले, बघ."

चिमीने टॅबवरची जुनी आणि कागदावरची नवी शेजारी धरली. "सुस्वरूप गेलं. शांत स्वभाव गेलं. घरकाम गेलं." ती विचारात पडली. "आजीने स्वतःचं सगळं चांगलं चांगलं काढून टाकलं?"

"हो. बाजारात जे चालतं ते सगळं काढलं आणि त्या जागेवर लेक बसवली. आणि हे बघ, आम्ही मुलगीचं मु. करायचो. हिने पूर्ण घालायला लावलं. सोबतच. हा शब्द मी कधीच सुचवला नसता. हा तिचाच आहे." छोट्यामावशींनी पदराने डोळे पुसले, आणि मग ग्रंथपालाकडे बघून ओरडल्या, "धूळ फार आहे हो तुमच्याकडे!"

तिसऱ्या रविवारीही तशीच होती. चिमीने दोन्हींचे फोटो काढले, यावेळी नीट, सावली न पाडता.

चिमीची आई दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. सहा वाजता ती घरी आली तेव्हा छोट्यामावशी तिच्याच सोफ्यावर ताठ बसलेल्या होत्या, आणि लेक शेजारी टॅब उपडा धरून. टेबलावर वृद्धाश्रमाचा अर्ज, भरलेला, फक्त सही राहिलेली.

"काय झालं? पडली का ही कुठे?"

"बस आधी. मला बोलायचंय आणि ते उभ्याने ऐकण्यासारखं नाही," छोट्यामावशी म्हणाल्या. "तुझ्या आईची जाहिरात मी लिहिली होती."

चिमीच्या आईने एकदा लेकीकडे पाहिलं. लेक पायाकडे बघायला लागली.

"तुम्ही?"

"माझ्या खिडकीवर. आणि मूल गाळा, असं मीच सांगितलं असणार. मला तुझी आई आठवत नाही, उगाच आठवते म्हणणार नाही. पण मी सगळ्यांनाच सांगायचे. तेव्हा मला ती हुशारी वाटायची."

"माझ्या आईला तुम्ही सांगितलंत, मला लपव म्हणून?" ती पुन्हा उभी राहिली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. "मावशी, मी त्या घरात वाढले. ते कधी ओरडले नाहीत, कधी हात उगारला नाही. कमी बोलायचे. आणि मी प्रत्येक घास खाताना मनात म्हणायचे, यांनी मला मागितलं नव्हतं. चार वर्षांची असल्यापासून. तुम्हाला कळतंय का काय केलंत ते?"

"आज दुपारी कळलं," छोट्यामावशी म्हणाल्या. "चुकलं माझं. फार चुकलं." त्यांनी सबब सांगितली नाही. "पण तुझ्या आईने माझं ऐकलं फक्त एकच आठवडा. दाखव गं."

चिमीने टॅब सुलटा केला.

आईने उभ्याउभ्याच वाचलं. मग खाली बसली. पुन्हा वाचलं. प्रयोगशाळेत काचपट्टी बघावी तशी एकेका शब्दावर थांबत होती.

"सोबतच," ती म्हणाली.

"सुस्वरूप काढलं तिने तुझ्यासाठी," चिमी म्हणाली. तिला राहवलंच नाही.

"होती गं. फार देखणी होती माझी आई," असं म्हणत तिने तोंडावर हात घेतला आणि ती रडली. चिमी तिला बिलगली. छोट्यामावशी उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच पाण्याचा ग्लास भरत उभ्या राहिल्या.

परत आल्या तर आई डोळे पुसून टॅबकडे बघत होती. "पण त्यांनी कुठली वाचली? पहिली वाचून पत्र टाकलं असेल तर? बॉक्स तर तोच होता."

हा प्रश्न छोट्यामावशींना ग्रंथालयापासून टोचत होता. "ते पेपरात नाही सापडायचं," त्या म्हणाल्या. "ते एकाच माणसाला माहीत आहे."

"इतक्या वर्षांत मी त्यांना काही विचारलं नाही."

"मग आता विचार. मी जाऊ का बाहेर?"

"नका जाऊ. तुम्हीपण ऐका." ते काही क्षमा केल्यासारखं नव्हतं. पण जाऊ नका म्हणाली, तेवढं छोट्यामावशींना पुरेसं होतं.

फोन बराच वेळ वाजला. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. अजूनही डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि हातातला स्क्रू बसल्याशिवाय फोन घ्यायचे नाहीत. आईने स्पीकर लावला.

"हं, बोल. चिमी बरी आहे ना?"

"बरी आहे. बाबा, एक विचारायचं होतं. आईची जाहिरात तुम्ही वाचली होती ना, पेपरात. ती तीनदा आली होती."

पलीकडे भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "हो. तीनदा."

"तुम्ही कुठल्या वेळी पत्र लिहिलंत?"

"दुसऱ्या," आजोबा लगेच म्हणाले. "पहिली वाचली होती. चांगली होती. पण माझ्यासारख्या अबोल माणसाला सुस्वरूप बाई कशाला हो म्हणेल, म्हणून पान उलटलं. पुढच्या रविवारी बघतो तर त्याच बॉक्सवर मुलगी. मग त्याच दिवशी लिहिलं."

"का?"

"का म्हणजे?" त्यांना प्रश्नच कळेना. "घरात मूल येणार होतं म्हणून. पत्रात पहिलं तेच विचारलं होतं मी, मुलीला काय आवडतं. तुझी आई हसायची त्यावरून, म्हणायची, माझ्याबद्दल एक ओळ नव्हती." ते थांबले. "तुला माहीत नव्हतं?"

आईने मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

"मला वाटलं, आईने सांगितलं असेल," आजोबा म्हणाले. "मला बोलता येत नाही गं नीट. ऐकतेस ना? तो फॉर्म केव्हा द्यायचाय? मी तयार आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस. तिथे म्हणे खिडकीपाशी टेबल देतात."

"टेबल इथे आहे," आई म्हणाली. "उद्या आम्ही दोघी न्यायला येतोय तुम्हाला. बॅग भरून ठेवा."

"उद्या? बरं. किती दिवसांचे कपडे घेऊ?"

"सगळे घ्या, बाबा."